पळाली की धावली? शाळेच्या क्रीडादिनाचा अहवाल वाचताना



भाताची कापणी-झोडणी आटोपली की आपल्या पेण आणि रोहा तालुक्यांतल्या शाळांमध्ये क्रीडादिनाची गडबड सुरू होते. ज्या शाळेला मैदान नाही, तिथे शेजारच्या रिकाम्या शेतात फक्की मारून रेघा आखतात. मुलं धावतात, आया बांधावर उभ्या राहून टाळ्या वाजवतात, आणि मग कोणीतरी त्या दिवसाचा अहवाल लिहितं. हा अहवाल शाळा व्यवस्थापन समितीपुढे वाचला जातो आणि फाइलला लागतो. शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणे या समितीत किमान तीन चतुर्थांश पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला असाव्या लागतात. त्यामुळे आपल्या बचत गटांतल्या कितीतरी जणी आज या समित्यांवर आहेत. अहवालाखाली त्यांची सही असते.

असाच एक अहवाल मागे आमच्या ग्रामसंघाच्या बैठकीत आला. समितीवरच्या एका ताईंनी तो सोबत आणला होता. त्या म्हणाल्या, "बाकी सगळं ठीक आहे, पण यातल्या एका वाक्याखाली मी सही करणार नाही." ते वाक्य असं होतं: "६०० मीटरच्या शर्यतीत तिसऱ्या फेरीनंतर सातवीची एक विद्यार्थिनी पळून गेली."

घडलं होतं ते असं. ही मुलगी अनवाणी धावत होती. कापलेल्या भाताचा खुंट तिच्या टाचेत घुसला. ती लंगडत रेघेबाहेर आली आणि बांधावर बसली. लिहिणाऱ्याच्या मनात काही वाईट नव्हतं. शर्यतीतून ती बाहेर पडली, एवढंच त्याला सांगायचं होतं. पण तेरा वर्षांच्या मुलीबद्दल 'पळून गेली' असं लिहिलं, तर गावात त्याचा काय अर्थ होतो, हे आपल्याला कोणी सांगायला नको. आणि तो अर्थ बाजूला ठेवला, तरी पुढच्या वर्षी केंद्राच्या स्पर्धेसाठी मुली निवडताना कोणी ही फाइल उघडली, तर ही मुलगी शर्यत टाकून जाणारी आहे असंच त्याला वाटणार.

म्हणून आज धावण्याच्या शब्दांबद्दल बोलू. कोणता शब्द कुठे बसतो आणि चुकीचा शब्द पडला की काय होतं, हे आपण त्या अहवालातलीच वाक्यं घेऊन पाहू.

धावणे आणि पळणे

मराठीत या कामाला मुख्य शब्द दोनच आहेत. धावणे आणि पळणे. पाय दोन्हीत सारखेच चालतात. बोलताना आपण 'पळायची शर्यत' म्हणतो, 'धावायची शर्यत'ही म्हणतो, आणि दोन्ही बरोबर आहे. 'माझी पोर पळण्यात पहिली आली' असं आजी म्हणाली, तर तिला कोणी सुधारायला जाऊ नये.

पण हे दोन शब्द दुसऱ्या शब्दांना चिकटले की त्यांचा स्वभाव वेगळा दिसतो. धावणाऱ्याचं तोंड कशाकडे तरी असतं. आपण मदतीला धावून जातो. आग लागली की शेजारी धावून येतात. कोणी अंगावर धावून येतो, तेव्हाही तो आपल्याकडेच येत असतो. पळणाऱ्याची मात्र कशाकडे तरी पाठ असते. चोर पळून जातो, भित्रा पळ काढतो, काम टाळणाऱ्याला आपण पळपुटा म्हणतो. नुसतं 'पळाली' म्हटलं तर ते शर्यतीतलं असू शकतं. पण 'पळून गेली', 'पळ काढला', 'पळाली एकदाची' असं म्हटलं की ऐकणारा लगेच विचारतो, कोणापासून?

यावरून एक सोपी पारख आमच्या लक्षात आली. वाक्यात पळणे असेल तर स्वतःला विचारायचं, मागे कोणी लागलं होतं का? लागलं असेल तर पळणे शोभतं. नसेल तर धावणे घ्यावं. त्या मुलीच्या मागे कोणीच लागलं नव्हतं, आणि ती धावतही नव्हती. ती थांबली होती. म्हणून ताईंनी ते वाक्य असं करून घेतलं: "तिसऱ्या फेरीनंतर टाचेला जखम झाल्याने एका विद्यार्थिनीला थांबावे लागले. तोपर्यंत ती दुसऱ्या क्रमांकावर धावत होती." हे दुसरं वाक्य मूळ अहवालात नव्हतंच. पण फाइलमध्ये तेच राहायला हवं होतं.

याच अहवालात आणखी एक वाक्य होतं: "क्रीडादिनाआधी आठवडाभर सरांनी मुलींना रोज चार फेऱ्या पळवले." 'पळवणे' हा शब्द तर फारच जपून वापरायचा आहे. पिशवी पळवतात, कोंबडी पळवतात, पोर पळवतात. इथे 'सरांनी मुलींकडून रोज चार फेऱ्या धावण्याचा सराव करून घेतला' असं लिहिलं की सगळं स्वच्छ होतं.

पळणे जिथे शोभतं: खो-खो

आता उलट बाजू पाहू. त्याच अहवालात खो-खोबद्दल लिहिलं होतं, "मुलींनी चांगली धाव घेतली." वाक्य ऐकायला बरं आहे, पण खो-खो खेळलेली कोणीही बाई म्हणेल की यातून खेळ दिसत नाही. खो-खोत एका संघाच्या आठ जणी चौकात बसतात आणि नववी पाठलाग करते. दुसऱ्या संघाच्या तिघी-तिघी मैदानात येतात आणि तिला चुकवतात. म्हणजे इथे मागे खरोखरच कोणीतरी लागलेलं असतं. म्हणूनच या खेळात या बाजूला 'पळती' म्हणतात, आणि पळती हा मानाचा शब्द आहे. जी जास्त वेळ पळते, ती चांगली खेळाडू. एखादीने दीड मिनिट पळती केली असेल, तर अहवालात तसंच, वेळेसकट लिहावं.

कशी पळती केली, हे सांगायलाही खेळातच शब्द आहेत. बसलेल्या गड्यांच्या रांगेतून नागमोडी जायचं त्याला साखळी म्हणतात. एका बाजूला जाण्याचा आव आणून दुसरीकडे निसटायचं ती हुलकावणी. पाठलाग करणारीने अंग झोकून देऊन गडी बाद केला, तर तिने सूर मारला. "सहावीच्या मुलीने एकेरी साखळी करत दीड मिनिट पळती केली, शेवटी खांबाजवळ सूर मारून तिला बाद करण्यात आले." एवढं लिहिलं की मैदानावर नसलेल्या आईलाही खेळ दिसतो.

चाल सांगणारे छोटे शब्द

आपल्या मुली इंग्रजीच्या पुस्तकातून धावण्याचे वेगवेगळे शब्द पाठ करतात. जॉग, स्प्रिंट, डॅश, स्कॅम्पर. मग आपल्याला वाटतं, इंग्रजीत एवढे शब्द आणि आपल्याकडे दोनच? असं नाही. दोन भाषांची मांडणी वेगळी आहे, इतकंच. इंग्रजीत धावणं आणि त्याची चाल एकाच शब्दात बांधलेली असते. मराठीत धावणे आणि पळणे हे दोन शब्द जागच्या जागी राहतात, आणि चाल सांगायला त्यांच्या शेजारी एक छोटा शब्द येऊन बसतो. असे छोटे शब्द आपल्याकडे भरपूर आहेत.

जॉग म्हणजे दम राखून, एका लयीत, सावकाश धावणं. आपण तसंच म्हणतो, 'संथ लयीत धावत होती'. स्प्रिंट म्हणजे थोड्या अंतरासाठी सगळी ताकद लावून धावणं. बोलताना आपण म्हणतो 'सुसाट धावली', आणि खेळाच्या भाषेत 'जलद धाव'. डॅश म्हणजे अचानक, थोडंसंच अंतर, झटक्यात कापणं. तिथे आपल्याकडे 'धूम ठोकली' आहे, 'झेप घेतली' आहे. यातही फरक आहेच. धूम ठोकणारा कशापासून तरी दूर जातो आणि झेप घेणारा कशावर तरी जातो. रिलेत शेवटच्या दहा पावलांत पुढे गेलेल्या मुलीने झेप घेतली म्हणावं. घंटा झाल्यावर वर्गातून घराकडे निघालेल्या पोरांनी धूम ठोकली म्हणावं. स्कॅम्पर म्हणजे लहान पावलं भराभर टाकत धावणं, खारीसारखं, उंदरासारखं. आपल्याकडे त्याला 'तुरुतुरु' आहे. आणि नुकतं चालायला लागलेलं बाळ धावतं ते 'दुडूदुडू'.

म्हणजे प्रत्येक छोट्या शब्दात धावणाऱ्याचं वय, अंतर आणि पावलाची लांबी दडलेली असते. अहवालात गोंधळ होतो तो इथेच. पहिलीच्या मुलांबद्दल लिहिलं होतं, "शिट्टी वाजताच मुले चौखूर उधळली." चौखूर म्हणजे चारही खुरांनी. उधळतात ती गुरं, घोडे. लिहिणाऱ्याने गंमत म्हणून लिहिलं असेल, पण पोरांना खूर कुठून आले? बैठकीत हे वाक्य वाचलं तेव्हा सगळ्या जणी हसल्या. पहिलीच्या मुलांना 'तुरुतुरु धावली' हा शब्द नेमका बसतो. तोच शब्द सातवीच्या मुलीला लावला, तर तिचा अपमान होतो.

सुसाट किती वेळ?

आता वेगाचं पाहू, कारण 'सुसाट' आणि 'वाऱ्यासारखी' हे शब्द अहवालांमध्ये सगळ्यात जास्त सांडलेले असतात. या अहवालात ६०० मीटर जिंकणारी मुलगी 'सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुसाट' धावली होती. तिची वेळ शेजारीच लिहिलेली होती, २ मिनिटे ३० सेकंद. हिशेब करून पाहू. ६०० मीटरला १५० सेकंद, म्हणजे सेकंदाला ४ मीटर. त्याच दिवशी १०० मीटर जिंकणाऱ्या मुलीची वेळ १६ सेकंद होती. म्हणजे सेकंदाला सव्वासहा मीटर. सुसाट ही दुसरी मुलगी. पहिली जर सुरुवातीपासूनच सुसाट सुटली असती, तर दुसऱ्या फेरीतच तिचा दम संपला असता. तिने तसं केलं नाही, म्हणूनच ती जिंकली.

याचा अर्थ ६०० मीटरची मुलगी कमी, असा मुळीच नाही. साताऱ्याच्या माण तालुक्यातल्या मोही गावची ललिता बाबर सगळ्यांना माहीत आहे. २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या प्राथमिक फेरीत तिने ९ मिनिटे १९.७६ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. पुढे अंतिम फेरीत ती दहावी आली. या शर्यतीत २८ अडथळे आणि ७ पाण्याच्या उड्या असतात. तिच्या त्या विक्रमाचा हिशेब केला, तर सेकंदाला साडेपाच मीटरपेक्षा थोडा कमीच वेग येतो. म्हणजे आपल्या शाळेतली मुलगी १०० मीटरमध्ये ललिताच्या सरासरीपेक्षा जोरात धावली. पण १६ सेकंद. ललिताने तिचा वेग नऊ मिनिटांहून जास्त वेळ, अडथळे ओलांडत राखला. तिच्या धावण्याला सुसाट म्हटलं तर तिचं खरं कौशल्य झाकलं जातं. तिथे 'लय सोडली नाही', 'वेग राखला', 'शेवटच्या फेरीसाठी दम ठेवला' हे शब्द मोठे आहेत.

म्हणून १०० आणि २०० मीटरला सुसाट, भरधाव, झेप हे शब्द घ्यावेत. ६०० मीटरला वेग राखला, फेरी दर फेरी पुढे गेली, शेवटी वेग वाढवला, असे शब्द घ्यावेत. ही वाक्यं लिहायची तर शर्यत पाहताना फेऱ्यांकडे लक्ष ठेवावं लागतं. कोणत्या फेरीत कोण पुढे होतं, एवढं कागदावर टिपून ठेवलं तरी पुरतं.

धावणेच्या मागे जो शब्द येतो तोही बरंच सांगतो. 'धावत सुटली' म्हणजे आवर राहिला नाही. 'धावत राहिली' म्हणजे थकली तरी थांबली नाही. ६०० मीटरच्या मुलीसाठी 'धावत राहिली' हे दोन साधे शब्द सुसाटपेक्षा खरे आहेत.

मुलगा मुसंडी मारतो, मुलगी लगबगीने पळते

आता शेवटची दोन वाक्यं. ती आम्ही बैठकीत शेजारी शेजारी ठेवून वाचली.

"मुलांच्या १०० मीटर शर्यतीत सातवीच्या विद्यार्थ्याने वाऱ्याच्या वेगाने मुसंडी मारत सर्वांना धूळ चारली व प्रथम क्रमांक पटकावला. वेळ १५ सेकंद."

"मुलींच्या १०० मीटर शर्यतीत सातवीची विद्यार्थिनी लगबगीने पळाली व पहिली आली. वेळ १६ सेकंद."

दोघांमध्ये फरक एका सेकंदाचा. शब्दांमध्ये मात्र रान आणि स्वयंपाकघर एवढा फरक. मुसंडी रानडुक्कर मारतं, सगळं बाजूला सारत. लगबग आपण करतो, पाहुणे दारात आल्यावर. लगबगीत घाई असते, ताकद नसते. सेकंदाला सव्वासहा मीटर हा काही लगबगीचा वेग नाही. आणखी एक गोष्ट पाहा. मुलाने क्रमांक 'पटकावला', मुलगी नुसती 'आली'.

मुलाच्या वाक्यातही एक चूक होती. मुसंडी मारणे हा शब्द मागून येऊन, दुसऱ्यांना मागे सारून पुढे घुसण्यासाठी आहे. समितीवरच्या ताई शर्यतीला हजर होत्या. त्यांनी सांगितलं की हा मुलगा सुरुवातीपासूनच पुढे होता. उलट मुलगीच अर्ध्या अंतरापर्यंत तिसरी होती आणि शेवटच्या तीस-चाळीस मीटरमध्ये दोघींना मागे टाकून पहिली आली. म्हणजे मुसंडी मारली असेल तर ती मुलीने. शब्द नुसता जोरकस होता म्हणून मुलाला मिळाला. काय घडलं ते पाहून दिला असता, तर तो मुलीकडे गेला असता.

हे ओळखायला सोपी युक्ती आहे. वाक्यात मुलीच्या जागी मुलगा घालून वाचायचं. 'विद्यार्थी लगबगीने पळाला व पहिला आला.' ऐकताच हसू येतं. मुलाला न शोभणारा शब्द त्याच शर्यतीत मुलीलाही शोभत नाही.

सुधारलेला अहवाल

ताईंनी मुख्याध्यापकांशी बोलून धावण्याचा भाग पुन्हा लिहून घेतला. तो असा झाला:

"पहिलीची मुले शिट्टी वाजताच तुरुतुरु धावली. मुलांच्या १०० मीटर शर्यतीत सातवीचा विद्यार्थी पहिल्या पावलापासून आघाडीवर राहून सुसाट धावला व प्रथम आला. वेळ १५ सेकंद. मुलींच्या १०० मीटर शर्यतीत सातवीच्या विद्यार्थिनीने तिसऱ्या क्रमांकावरून मुसंडी मारत शेवटच्या टप्प्यात प्रथम क्रमांक मिळवला. वेळ १६ सेकंद. ६०० मीटर शर्यतीत सहावीच्या विद्यार्थिनीने चारही फेऱ्या एका लयीत धावून २ मिनिटे ३० सेकंदांत प्रथम क्रमांक मिळवला. याच शर्यतीत दुसऱ्या क्रमांकावर धावणाऱ्या विद्यार्थिनीला टाचेला जखम झाल्याने तिसऱ्या फेरीनंतर थांबावे लागले."

मूळ अहवालापेक्षा यात फार ओळी वाढलेल्या नाहीत. एकही अवघड शब्द नाही. पण आता केंद्रप्रमुखांनी फाइल उघडली, तर कोणाला जलद धावेसाठी पाठवायचं आणि कोणाला लांबच्या अंतरासाठी, हे त्यांना वाचूनच कळेल. जखमी झालेल्या मुलीचं नावही त्यांच्या यादीत राहील.

तुमच्यापैकी ज्या समितीवर आहेत, त्यांच्यापुढे असा अहवाल सहीसाठी येईल तेव्हा तीन गोष्टी पाहा. 'पळून गेली' किंवा 'पळवले' कुठे आलं आहे का, आणि तिथे मागे खरंच कोणी लागलं होतं का? सुसाट किंवा वाऱ्यासारखा लिहिलं आहे, तिथे अंतर आणि वेळ काय आहे? आणि मुलाचं वाक्य मुलीला, मुलीचं मुलाला लावून वाचलं तर कसं वाटतं? वाचायला जमत नसेल, तर अहवाल मोठ्याने वाचून दाखवायला सांगा. असे शब्द कानाला लगेच खटकतात. खटकलं की वाक्य बदलून मागा आणि मगच सही करा.